राजीनाम्याची किंमत

मार्च २०२१अखेर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमधून वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांचं प्रमाण होतं ७.२ टक्के. दीड वर्षानं, सप्टेंबर २०२२अखेर, तेच प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेलं. इन्फोसिसमध्ये जून २०२२अखेर ते २८.४ टक्के होतं. म्हणजे ढोबळमानानं दर चार माणसांमागे एकाहून जास्त खुर्च्या वर्षभरात रिकाम्या झाल्या. मग उलटी ओहोटी लागली आणि मार्च २०२४अखेर टीसीएसचा आकडा १२.५वर आला. या आकड्याला इंग्रजीत ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात, मराठी वर्तमानपत्रं ‘गळती’ म्हणतात. तो वाढला की बातमी होते आणि कमी झाला की विश्लेषक कंपनीच्या पाठीवर थाप मारतात.

हा आकडा काढणं सोपं आहे. बारा महिन्यांत किती जण गेले, त्याला त्या काळातल्या सरासरी कर्मचारीसंख्येनं भागायचं. गंमत अशी, की इतका सोपा असल्यामुळेच तो जवळजवळ काहीच सांगत नाही. सहा महिन्यांचा अनुभव असलेला फ्रेशर गेला तरी एक माणूस गेला, आणि आठ वर्षं एकाच क्लायंटचं काम डोक्यात घेऊन बसलेली टीम लीड गेली तरी एकच माणूस गेला. पहिल्याच्या जाण्यानं कंपनीला कदाचित लाखभराचा फटका बसतो, तर दुसरीच्या जाण्यानं कधी कधी ते कामच हातचं जातं. टक्केवारीत दोघं सारखेच.

आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबाशी माझा बरीच वर्षं संबंध आला. तिथे दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, हे सतत जाणवत राहिलं. माणसं का गेली, याची नोंद एचआरकडे असते. माणसं टिकवण्यासाठी किती पैसे खर्च झाले, याची नोंद अर्थविभागाकडे. आणि माणूस गेल्यामुळे नेमकं किती नुकसान झालं, याची नोंद कुणाकडेच नसते. या तीन गोष्टी एका कागदावर आणल्या तर काय दिसतं, ते या लेखात पाहायचं आहे.

त्यासाठी पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी कल्पनेनं उभी करू. माणसं १,२००, बहुतेक काम अमेरिकेतल्या क्लायंटचं, तासाच्या दरानं बिल लावून केलेलं. पुढचे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून मी बेतलेले आहेत, ते कुठल्या एका कंपनीचे नाहीत. हिशेबाची रीत मात्र कोणत्याही कंपनीला लागू पडेल.

एक माणूस जातो तेव्हा

पाच वर्षांचा अनुभव असलेला एक जावा डेव्हलपर घेऊ. त्याचं पॅकेज १२ लाखांचं आहे, म्हणजे कंपनीला तो महिन्याला एक लाखाला पडतो. क्लायंटला त्याच्या कामाचं बिल तासाला १८ डॉलरनं लागतं. महिन्याचे १६० तास धरले आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर महिन्याला साधारण २ लाख ४० हजार रुपये येतात. त्याच्या खुर्चीतून कंपनीकडे दरमहा १ लाख ४० हजार उरतात, असं म्हणू. (इमारत, वीज, प्रशासन हा खर्च तो असला काय, गेला काय, तेवढाच राहतो. म्हणून तो इथे धरायचा नाही.)

तो राजीनामा देतो. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे. कंपनी लगेच नवा माणूस शोधायला लागते, पण नवा उमेदवारही कुठेतरी नव्वद दिवसांच्या नोटीशीवर असतो. त्यातच त्याच्या हातात आणखी दोन ऑफर लेटर असतात, आणि आपण निवडलेल्यांपैकी काही जण ऐन रुजू होण्याच्या दिवशी फोनच उचलत नाहीत. म्हणून जुना गेल्यावर दीड महिना खुर्ची रिकामी राहिली, असं धरू. नवा माणूस येतो तो १५ लाखांच्या पॅकेजवर, कारण बाजारातून माणूस उचलायचा तर त्याच्या जुन्या पगारावर घसघशीत वाढ द्यावीच लागते.

आता बेरीज. नेमणुकीचा खर्च सगळ्यांना दिसतो. कन्सल्टंटची फी वर्षाच्या पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, इथे सव्वा लाख. मुलाखती घेण्यात गेलेले वरिष्ठांचे तास, कागदपत्रांची पडताळणी, लॅपटॉपची तजवीज मिळून ३५ हजार. एकूण १ लाख ६० हजार. बहुतेक कंपन्या ‘गळतीचा खर्च’ म्हणून एवढाच आकडा दाखवतात, कारण पावत्या एवढ्याच्याच असतात.

पुढचे आकडे पावतीवर येत नाहीत. दीड महिना खुर्ची रिकामी होती. बिल बुडालं, पण पगारही वाचला. म्हणून तोटा महिन्याला १ लाख ४० हजारांचा, दीड महिन्याचा २ लाख १० हजार. इथे वाचलेला पगार वजा करायला विसरणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे आकडे उगाच फुगतात.

नवा माणूस आल्यावर पहिला महिना तो फक्त शिकतो. क्लायंट त्याचं बिल देत नाही, पगार मात्र चालू होतो. जिथे १ लाख ४० हजार उरायचे तिथे आता सव्वा लाख खिशातून जातात. फरक २ लाख ६५ हजारांचा. त्याला शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे चाळीस तास जातात, त्याचे २५ हजार. आणि शेवटी पगारातला फरक. जुना १२ लाखांत काम करत होता, नवा १५ लाखांत करतो. पहिल्या महिन्याचा फरक वर येऊन गेला, उरलेल्या अकरा महिन्यांचे पावणेतीन लाख. हा फरक दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही चालूच राहतो, पण आपण एका वर्षावर थांबू.

बेरीज होते ९ लाख ३५ हजार, म्हणजे गेलेल्या माणसाच्या वार्षिक पगाराच्या साधारण ७८ टक्के. त्यातले पावत्यांवर दिसणारे फक्त १ लाख ६० हजार. बाकीचे पावणेआठ लाख कुठे जातात? ते कमी झालेल्या बिलिंगमध्ये आणि वाढलेल्या पगारखर्चात विरघळतात. वर्षाच्या शेवटी नफा दोन टक्क्यांनी घसरलेला दिसतो आणि डॉलर, स्पर्धा, सुट्ट्या अशी कारणं पुढे येतात.

राजीनाम्याचा खर्च मांडण्याची ही पद्धत नवी नाही. वेन कॅसिओ या अमेरिकी प्राध्यापकानं १९८२ साली आलेल्या आपल्या पुस्तकात माणूस जाण्याचा, त्याच्या जागी दुसरा आणण्याचा आणि त्याला शिकवण्याचा खर्च वेगवेगळा मोजायची रीत घालून दिली. आयटी सेवांच्या धंद्यात तिला बिलिंगची जोड द्यावी लागते, एवढाच फरक. आणि ही जोड मोठी आहे. तोच डेव्हलपर राजीनामा देताना प्रोजेक्टवर नसेल, बेंचवर बसून असेल, तर वरचा जवळजवळ सगळा हिशेब कोसळतो. त्याच्या जागी कुणी आणायचंच नसतं आणि महिन्याला एक लाखाचा पगार वाचतो. काही कंपन्या मंदीत मुद्दाम गळती होऊ देतात, ती याच कारणानं. त्यामुळे ‘एक राजीनामा म्हणजे इतके लाख’ असा एकच भाव सगळ्यांना लावणं चूक. माणूस कुठल्या खुर्चीतून उठला, हे आधी पाहावं लागतं.

कंपनीभर

आपल्या कंपनीतून वर्षभरात २१६ जणांनी राजीनामे दिले. म्हणजे गळती १८ टक्के. त्यांचे अनुभवानुसार तीन गट करू.

दोन वर्षांपर्यंतच्या अनुभवाचे ९६ जण गेले. त्यांच्या जागी कॉलेजातून घेतलेली पुढची तुकडी तयारच असते. खर्च मुख्यतः प्रशिक्षणाच्या काळातल्या पगाराचा, माणशी दीड लाख धरू. एकूण १ कोटी ४४ लाख. तीन ते सात वर्षांच्या अनुभवाचे ९० जण गेले. त्यातले २० बेंचवर होते, त्यांचा खर्च शून्य धरला. उरलेल्या ७० जणांचे प्रत्येकी ९ लाख ३५ हजार, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी. आठ वर्षांवरचे ३० जण गेले, माणशी १४ लाख धरून ४ कोटी २० लाख. सगळं मिळून बारा कोटींच्या थोडं वर.

आता टक्केवारीनं काय लपवलं ते बघा. गेलेल्यांत सर्वांत मोठा गट फ्रेशरांचा, ४४ टक्के. पण खर्चात त्यांचा वाटा १२ टक्के. मधल्या गटातले ते ७० जण म्हणजे गेलेल्यांपैकी एक तृतीयांश, आणि खर्चात त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त. कंपनीला नुसता ‘गळती १८वरून १५वर आणा’ असा आदेश मिळाला, तर व्यवस्थापन साहजिकच जिथे डोकी जास्त तिथे जाईल आणि फ्रेशरांसाठी काहीतरी करेल. आकडा खाली येईल, पैसे मात्र फारसे वाचणार नाहीत.

आणि तसंच झालं, असं धरू. माणसं टिकवण्यासाठी या कंपनीनं वर्षभरात ३ कोटी खर्च केले. त्यातले ५० लाख फ्रेशरांच्या सर्टिफिकेट परीक्षांवर गेले. सत्तर लाख सहली, क्रिकेटचे सामने, दिवाळीच्या भेटी आणि शुक्रवारच्या कार्यक्रमांवर. उरलेले १ कोटी ८० लाख काउंटर ऑफरवर, म्हणजे राजीनामा दिलेल्या माणसाला थांबवण्यासाठी दिलेल्या बोनसवर. हा खर्च योग्य ठिकाणी झाला का, हे ठरवायचं तर माणसं का गेली ते कळायला हवं. आणि खरी पंचाईत इथेच आहे.

कारणं सांगत नाहीत, शोधावी लागतात

शेवटच्या दिवशी एक्झिट इंटरव्ह्यू होतो. फॉर्ममध्ये कारणांची यादी असते आणि एकावर खूण करायची असते. ‘अधिक चांगली संधी’ या पर्यायावर सर्वांत जास्त खुणा होतात. का होऊ नयेत? त्याच दिवशी रिलीव्हिंग लेटर हातात पडायचं असतं, पुढच्या कंपनीचा पडताळणीचा फोन याच लोकांना यायचा असतो, आणि आयटीचं जग एवढं लहान असतं, की आजचा मॅनेजर उद्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा समोर बसलेला असू शकतो. शहाणा माणूस गोड बोलून निघतो. एचआरमध्ये काम करणारी एक मैत्रीण म्हणाली होती, “अगं, एक्झिट इंटरव्ह्यू म्हणजे साखरपुडा मोडताना दोन्ही घरांनी ‘पत्रिका जुळली नाही’ म्हणण्यासारखं आहे. कोणी खोटं बोलत नाही आणि कोणी खरंही सांगत नाही.”

शिवाय ‘चांगली संधी’ हे कारणच नव्हे. ती नोकरी सोडण्याची वाट आहे. नवी कंपनी जवळजवळ नेहमीच जास्त पैसे देते, त्यामुळे निघताना प्रत्येकाच्या हातात वाढीव पगार असतोच. प्रश्न असा, की बाजारात तशा संधी दोन वर्षं असताना हा माणूस याच महिन्यात का शोधायला लागला?

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या दोघांनी १९९४ साली मांडलेला विचार इथे कामाचा आहे. माणूस हळूहळू नाराज होत जातो आणि एक दिवस सोडतो, असं आपण समजतो. त्यांचं म्हणणं, की बरेचदा एखादी घटना घडते, धक्का बसतो, आणि तेव्हा पहिल्यांदा माणूस ‘मी इथे का आहे?’ असा विचार करू लागतो. घटना ऑफिसातली असेल किंवा घरची. वाईट असेल किंवा चांगलीही. त्यामुळे विचारायचा प्रश्न ‘का सोडलंत?’ हा नाही. ‘नवी नोकरी शोधायला पहिल्यांदा कधी सुरुवात केलीत, आणि त्या आठवड्यात काय झालं होतं?’ हा आहे. तो शेवटच्या दिवशी न विचारता पाच-सहा महिन्यांनी विचारावा आणि कंपनीबाहेरच्या माणसानं विचारावा. तोवर भीड गेलेली असते, पगाराचं नवेपणही ओसरलेलं असतं.

आपल्या कंपनीनं त्या ७० जणांना असं विचारलं, असं समजू. फॉर्ममध्ये त्यातल्या ४४ जणांनी ‘चांगली संधी’ लिहिलं होतं. नव्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं वेगळी निघाली. शेजारी नव्यानं आलेल्या, आपल्याइतकाच अनुभव असलेल्या सहकाऱ्याचा पगार कळला, तो दिवस २४ जणांनी सांगितला. दोन-तीन वर्षं एकाच देखभालीच्या प्रोजेक्टवर होतो, बदल मागितला, ‘क्लायंट सोडत नाही’ म्हणून नकार आला, तो दिवस २१ जणांनी. मॅनेजरशी वाद किंवा रात्रीच्या कॉलचा जाच ११ जणांनी. आई-वडिलांचं आजारपण, जोडीदाराची बदली, गावी परतणं ८ जणांनी. परदेश किंवा पुढचं शिक्षण ६ जणांनी.

पहिलं कारण नीट पाहण्यासारखं आहे. वर आपण हिशेब केला, त्यात गेलेल्याच्या जागी येणारा तीन लाख जास्त घेऊन आला. तोच आकडा शेजारच्या खुर्चीतल्या जुन्या माणसाला चहाच्या टपरीवर कळतो आणि पुढचा राजीनामा तयार होतो. एक राजीनामा असा दुसऱ्याला जन्म देतो. २०२१-२२मध्ये गळती इतक्या वेगानं का वाढली, त्याचं एक उत्तर या साखळीत आहे.

गेलेल्यांना विचारून भागत नाही

उत्तरं मिळाली म्हणून लगेच खर्च करायला धावू नये. गेलेल्यांच्या मुलाखतींमध्ये एक मूलभूत उणीव असते : त्यात राहिलेले नसतात.

समजा, मधल्या गटातल्या गेलेल्यांपैकी ४० टक्के जण ऑफिसपासून पंधरा किलोमीटरपेक्षा लांब राहत होते. हिंजवडीच्या वाहतुकीला शिव्या न घालणारा माणूस पुण्यात सापडणं कठीण. तेव्हा कुणीही म्हणेल, हेच कारण, बस सुरू करा. पण राहिलेल्यांचे पत्ते तपासले आणि त्यांच्यातही ४० टक्केच लांब राहणारे निघाले, तर? मग वाहतूक हा त्रास खरा आहे, पण माणसं त्यामुळे जात नाहीत. बसचा पैसा सुखसोय म्हणून जरूर खर्च करावा, गळतीच्या खात्यावर टाकू नये.

आता प्रोजेक्टचं कारण याच चाळणीतून काढू. मधल्या गटात वर्षाच्या सुरुवातीला ४८० जण होते. त्यातले १५० जण दोन वर्षांहून जास्त काळ एकाच प्रोजेक्टवर होते आणि त्यांपैकी ४५ गेले, म्हणजे ३० टक्के. उरलेल्या ३३० जणांपैकीही ४५च गेले, म्हणजे १४ टक्क्यांच्या आत. हा फरक दुपटीहून जास्त आहे. मुलाखतीत सांगितलेलं आणि नोंदींत दिसणारं इथे जुळतं. असं दोन्ही बाजूंनी जुळलेलं कारणच हिशेबात धरावं. तरीही एक शंका राहते. जुन्या प्रोजेक्टवर मुळात जे अडकतात त्यांचं कौशल्य जुनं असतं का, त्यांचा पगार मागे पडलेला असतो का? म्हणून समान पगाराच्या माणसांत ही तुलना पुन्हा करून पाहायची. पगार सारखा असूनही फरक टिकला, तर प्रोजेक्टला दोष द्यायला हरकत नाही.

किती राजीनामे थांबले तर पैसे वसूल?

टिकवण्याच्या प्रत्येक खर्चाला विचारायचा प्रश्न साधा आहे : हा खर्च भरून निघायला किती राजीनामे थांबावे लागतील? खर्चाला एका राजीनाम्याच्या किमतीनं भागायचं. येणारा आकडा त्या कारणानं गेलेल्या एकूण माणसांशी ताडून पाहायचा.

पगारातल्या तफावतीपासून सुरुवात करू. मधल्या गटात नव्या माणसांच्या तुलनेत पगार बराच मागे पडलेले १६० जण आहेत. सगळ्यांना वर्षाला एक लाख वाढवून दिले तर खर्च १ कोटी ६० लाख. त्याला ९ लाख ३५ हजारांनी भागलं तर १७.१ येतात. म्हणजे किमान १८ राजीनामे थांबले पाहिजेत. या कारणानं गेले होते २४. चोवीसपैकी अठरा थांबतील असं मानणं धाडसाचं आहे. अडचण ही, की जे एरवीही राहणारच होते त्यांनाही वाढ मिळते. न्याय म्हणून ते योग्यच आहे, आणि मला विचाराल तर एकाच कामाला दोन भाव देणं मुळातच चुकीचं. पण गळतीच्या हिशेबात ते बसत नाही, हेही तितकंच खरं. कंपनीला हे करायचं असेल तर न्यायासाठी करावं आणि तसं सांगावं.

जाळं आवळलं की चित्र बदलतं. या १६०पैकी ६० जण अशा कामावर आहेत, जिथे माणूस मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि गेलेल्या २४पैकी १४ याच ठिकाणचे होते. या ६० जणांना एकेक लाख दिले तर खर्च ६० लाख. सात राजीनामे थांबले की तो भरून निघतो. चौदापैकी सात, म्हणजे निम्मे. हे शक्यतेच्या कक्षेत आहे. फक्त लक्षात ठेवायचं, की पगारवाढ परत घेता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी पुन्हा विचारावा लागतो.

प्रोजेक्टबदलाचा हिशेब याहून बरा निघतो. बदल मागून बसलेल्या ४० जणांची आपसात अदलाबदल केली आणि प्रत्येकाचे पंधरा दिवस नवं काम शिकण्यात, बिलाविना गेले असं धरलं, तर माणशी १ लाख २० हजार बुडतात. एकूण ४८ लाख. सहा राजीनामे थांबले की पुरे, आणि या कारणानं गेले होते २१. शिवाय हा खर्च एकदाच होतो. मग कंपन्या हे का करत नाहीत? कारण अदलाबदलीत बुडणारं बिलिंग एका ठरावीक मॅनेजरच्या या तिमाहीच्या आकड्यात दिसतं, आणि वाचलेला राजीनामा कुणाच्याच आकड्यात दिसत नाही. ‘क्लायंट सोडत नाही’ या वाक्यात बऱ्याचदा क्लायंटपेक्षा मॅनेजरच जास्त असतो. काही क्लायंट खरोखरच नावानं माणूस मागतात. तिथे बदलाच्या आधी दोन महिने दुसरा माणूस शेजारी बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. तो त्या ठिकाणी वेगळा धरायचा.

आता काउंटर ऑफर. एक कोटी ऐंशी लाखांत ४५ जणांना सरासरी चार-चार लाख देऊन थांबवलं. बोनसला अट एक वर्षाची : त्याआधी गेलात तर परत करा. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत त्यातले २७ जण गेले. राहिले १८. अठरा गुणिले ९ लाख ३५ हजार म्हणजे १ कोटी ६८ लाख, खर्चापेक्षा कमीच. गेलेल्या २७ जणांनी वर्षभर काम केलं त्याचं काहीच मोल नाही, असं नव्हे. तीन महिन्यांत एखादी महत्त्वाची सिस्टिम सुरू व्हायची असेल, तर त्या एका माणसासाठी चार लाख स्वस्तच आहेत. पण धोरण म्हणून याचा परिणाम उलटा होतो. प्रोजेक्टला कंटाळून निघालेल्याला पैसे दिले तर कंटाळा तसाच राहतो. आणि मजल्यावर सगळ्यांना कळतं, की पगार वाढवायचा तर आधी बाहेरचं ऑफर लेटर आणावं लागतं. न मागता राहिलेला माणूस मूर्ख ठरतो.

सहली आणि क्रिकेटचे ७० लाख आठही राजीनामे थांबवत नसतील, तर गळतीच्या दृष्टीनं ते वाया गेले. सत्तर जणांच्या उत्तरांत त्यांच्याशी जुळणारं कारण एकही नाही. फ्रेशरांच्या परीक्षांवरचे ५० लाख वसूल व्हायला, दीड लाखांच्या भावानं, ३४ राजीनामे थांबायला हवेत. गेले होते ९६. अशक्य नाही, पण सर्टिफिकेट हातात आल्यावर फ्रेशरला बाहेर जास्त भाव मिळतो, हे ज्यानं त्यानं आठवावं.

आठ वर्षांवरच्या ३० जणांचं काय? तिथे संख्याशास्त्र चालवू नये. तीस माणसांचे पाच कारणांत भाग केले की हाती काहीच लागत नाही. त्यांच्याशी एकेकट्यानं, ती जाण्याआधी, वर्षातून दोनदा बसून बोलावं. त्याला वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत. आणि मॅनेजरबद्दलच्या ११ राजीनाम्यांपैकी सहा-सात एकाच दोघांच्या हाताखालचे निघाले, तर तिथे टिकवण्याचा खर्च शून्य असतो आणि निर्णय मात्र सर्वांत अवघड. आजारी आई-वडिलांसाठी सांगलीला परतलेल्या मुलीला बोनस देऊन काय होणार? तिला घरून काम दिलं असतं तर कदाचित ती राहिली असती. कदाचित नाही.

श्रेय कुणाचं?

समजा, कंपनीनं काउंटर ऑफरचा बराचसा पैसा त्या ६० जणांकडे आणि त्या ४० बदल्यांकडे वळवला, आणि पुढच्या वर्षी गळती १८वरून १३वर आली. योजना यशस्वी झाली का?

सुरुवातीचे आकडे पुन्हा पाहा. टीसीएसचं ७.२वरून २१.५वर जाणं आणि तिथून १२.५वर येणं. तीन वर्षांत इतक्या मोठ्या कंपनीतले मॅनेजर, सहली, प्रोजेक्ट एवढे बिघडले आणि मग एवढे सुधारले, असं झालेलं नाही. बदलला तो बाजार. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५८ सालीच सांगून ठेवलं होतं, की माणूस सोडण्यामागे दोन गोष्टी असतात, सोडावंसं वाटणं आणि सोडणं सोपं असणं. करोनानंतर अमेरिकी क्लायंटनी कामं ओतली तेव्हा सोडणं सोपं झालं, मागणी आटली तेव्हा अवघड झालं. सोडावंसं वाटणं त्या आकड्यात दिसतच नाही. २०२२मध्ये सुरू झालेली प्रत्येक टिकवणयोजना २०२४पर्यंत कागदावर यशस्वी ठरलेली असणार.

यावर एकच बरा उपाय आहे. योजना सगळीकडे एकदम सुरू करायची नाही. बदल मागणारे ४० जण ज्या प्रोजेक्टांवर आहेत, त्यातल्या निम्म्यांत यंदा अदलाबदल करायची, निम्म्यांत पुढच्या वर्षी. कुठली आधी, हे मॅनेजरच्या ओळखीवर न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. बाजार दोन्हींना सारखाच असतो. वर्षअखेर दोन्ही बाजूंच्या राजीनाम्यांत जो फरक दिसेल, तेवढाच योजनेचा. वीस-वीस माणसांत तो फरक दोन-तीन राजीनाम्यांचाच निघाला तर तो योगायोगही असू शकतो, म्हणून आणखी एक वर्ष थांबून दोन्ही वर्षांचे आकडे एकत्र पाहायचे.

प्रत्यक्षात चिठ्ठ्यांना विरोध होतो. ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागला त्यांना यंदा काय सांगायचं, असं मॅनेजर विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. त्यांना तारीख सांगायची. ‘पाहू’ या उत्तराला कंटाळून ती २१ माणसं गेली होती. पुढच्या जूनची तारीख लेखी मिळाल्यावर त्यातली किती थांबतात, हेही याच कागदावर वेगळ्या रकान्यात लिहून ठेवता येतं, आणि त्या रकान्याचा खर्च शून्य आहे.